खानदेशी भरीताच्या वांग्याचं खात्रीचं बी आणि रोपं मिळवायची कशी?

पहिल्या वर्षी मी चक्क फसलो. दुकानदाराला म्हटलं, "भरीताची वांगी लावायची आहेत, बी द्या." त्याने पाकीट दिलं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'भरीत' लिहिलेलं होतं. जूनमध्ये पेरलं, ऑक्टोबरात फळं आली ती काळपट जांभळी आणि चकचकीत. फळं चांगली होती, बाजारात गेलीही असती. पण मला हवी होती ती आजीच्या घरची, यावल-जळगावकडची, पोपटी-हिरवी, अंगावर पांढरट रेघा असलेली मोठी वांगी. पऱ्हाट्यांवर भाजायची आणि बडगीत घालून ठेचायची, ती.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. पुण्या-मुंबईकडे 'भरीताचं वांगं' म्हटलं की मोठं जांभळं वांगंच समोर येतं. मी नाव सांगितलं, त्याने त्याच्याकडच्या अर्थाचं बी दिलं. पुढची दोन वर्षं या शोधात गेली. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो आहे. उदाहरण खानदेशी हिरव्या भरीत वांग्याचं आहे, कारण मला तेच नीट माहीत आहे.

आधी वर्षाचा हिशोब डोक्यात बसवा. फळ पाहायचं नोव्हेंबर ते जानेवारी, बी धरायला सांगायचं त्याच वेळी, बी हातात येतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, तपासायचं मेमध्ये, पेरायचं जूनमध्ये. पहिला पाऊस पडल्यावर जो शोध सुरू करतो त्याला दुकानात शिल्लक असेल ते घ्यावं लागतं. माझंही तेच झालं होतं.

## १. नाव बाजूला ठेवा, फळाची ओळख लिहून काढा

स्थानिक नाव चार गावांपलीकडे गेलं की त्याचा अर्थ बदलतो. याच वांग्याला कुणी 'हिरवं भरीताचं' म्हणतं, कुणी 'जळगावचं', कुणी गावाचं नाव लावून 'बामणोदचं' किंवा 'असोद्याचं'. ही सगळी नावं एकाच वाणाची आहेत असं धरून चालू नका, आणि वेगवेगळ्या वाणांचीच आहेत असंही नाही. म्हणून विचारायला जाण्याआधी एका कागदावर फळाचं वर्णन लिहा. माझ्या कागदावर हे होतं:

- कोवळ्या आणि काढणीच्या फळाचा रंग, पांढऱ्या रेघा कुठे सुरू होतात आणि कुठपर्यंत जातात
- आकार: लांबट, अंडाकृती की गोल, काढणीच्या वेळचं वजन
- देठाचा आणि टोपीचा रंग, त्यावर काटे आहेत का
- फुलाचा रंग, कोवळ्या शेंड्याचा रंग
- कापल्यावर बी किती दिसतं, भाजल्यावर साल कशी सुटते, गर तंतुमय आहे की लोण्यासारखा
- फळं कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत येतात

अर्ध्या गोष्टी तुम्हाला माहीत नसतील. मलाही नव्हत्या. आजीच्या घरी मी फक्त खायचं काम केलं होतं. त्या रिकाम्या जागा हंगामात तिकडे जाऊन भरा. फळाशेजारी मोजपट्टी ठेवून, सावलीत, साध्या उजेडात फोटो काढा. मोबाईल आपणहून रंग भडक करतो ते आधी बंद करा. हिरव्या वांग्याच्या बाबतीत हा फरक मोठा असतो.

एक मदत लिखित स्वरूपात मिळते. 'जळगाव भरीत वांगी' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मानांकनाच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या अर्जाची कागदपत्रं उघडतात आणि त्यात फळाचं वर्णन आणि भागाची हद्द दिलेली असते. आपलं वर्णन त्याच्याशी ताडून पाहा. पण एक गैरसमज काढून टाका: मानांकन हे त्या भागात पिकलेल्या मालाच्या नावाला असतं, बियाण्याच्या पाकिटाला नसतं. 'मानांकनप्राप्त बियाणं' असं कुणी विकत असेल तर तो एक तर स्वतः गोंधळलेला आहे, किंवा तुम्हाला गोंधळात टाकतो आहे.

## २. बी कुणाकडे आहे ते बाजारात नाही, काढणीच्या शेतात कळतं

बियाण्याच्या दुकानापासून सुरुवात करू नका, वांग्यापासून करा. डिसेंबरात जळगावच्या बाजारात पहाटे वांग्यांच्या ढिगांशी उभे राहा. हव्या त्या वळणाची वांगी दिसली की विकणाऱ्याला माल कुठल्या गावचा ते विचारा. व्यापारी नाव सांगेलच असं नाही, पण गाव सांगतो. गाव कळलं की अर्धं काम झालं.

गावात गेल्यावर माझा प्रश्न चुकत होता. मी विचारायचो, "तुमच्याकडे भरीताच्या वांग्याचं बी आहे का?" उत्तर यायचं, "आहे की, दुकानात मिळतं." खरंच मिळत होतं, पण अनेक जण आता संकरित बी लावतात आणि त्यांच्या दृष्टीने तेही भरीताचंच वांगं. नंतर प्रश्न बदलला: "गेल्या हंगामात गावात कुणी स्वतःच्या झाडावर बी धरलं होतं का?" यावर लगेच एखाद-दुसरं नाव येतं. बी धरणारी माणसं गावात मोजकी असतात आणि सगळ्यांना माहीत असतात. बऱ्याचदा ती घरातली वयस्कर बाई असते, आणि बी डब्यात राखेत किंवा चिंधीच्या पुरचुंडीत असतं.

गावी जाणं जमत नसेल तर तीन ठिकाणी फोन करा. एक, कृषी विज्ञान केंद्र. जळगाव जिल्ह्यात पाल (ता. रावेर) आणि ममुराबाद अशी दोन आहेत. त्यांच्याकडे बी असेलच असं नाही, पण वांगी पिकवणारे आणि बी धरणारे शेतकरी त्यांच्या ओळखीचे असतात. दोन, तालुका कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय. तिथे गावचे सहायक कृषी अधिकारी कोण ते कळतं. तीन, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. विद्यापीठाचा 'फुले हरित' नावाचा हिरव्या वांग्याचा वाण आहे आणि तो भरीतासाठीच चालतो. हे तुमच्या आजीच्या घरचं वांगं नव्हे, पण ज्याला नावापेक्षा हिरवं भरीत हवं आहे त्याच्यासाठी हा सगळ्यात कमी कटकटीचा रस्ता आहे. सरळ वाण असल्याने त्याचं बी पुढे घरी धरताही येतं.

अकोले तालुक्यात बायफ संस्थेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या गावरान बियाण्यांच्या बँकेबद्दल, राहीबाई पोपेरे यांच्यामुळे, सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तिथे चौकशी जरूर करा. पण तिथलं बी त्या डोंगराळ भागातलं आहे. खानदेशी वांगं तिथे मिळेलच अशी अपेक्षा धरू नका. ज्या भागाचा वाण, त्या भागातच विचारा.

## ३. फोनवरचे चार प्रश्न

विकणारा शेतकरी असो, रोपवाटिका असो की ऑनलाइन विक्रेता, चार गोष्टी विचारा आणि उत्तर कसं येतं ते ऐका.

"बी कोणत्या गावात, कोणत्या हंगामात धरलं?" ज्याने स्वतः धरलं तो लगेच सांगतो. ज्याने आणून विकलं तो "आमचं गॅरंटीचं आहे" म्हणतो.

"त्या झाडांच्या आसपास दुसरी कोणती वांगी होती?" हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. वांग्याचं परागीभवन बहुतांशी स्वतःच्याच फुलात होतं, पण भुंगे-मधमाश्या फिरतात आणि काही टक्के बी परक्या परागाचं होतं. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून किमान १०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी २०० मीटर अंतर ठेवतात. बांधाला लागून जांभळं वांगं होतं असं कुणी प्रामाणिकपणे सांगितलं तर त्याचा राग मानू नका, फक्त बी कोणत्या बाजूच्या झाडांचं आहे ते विचारा.

"किती झाडांवरून बी घेतलं?" एकाच झाडाचं बी असेल तर त्या झाडाचे दोष सगळ्या शेतात येतात. आठ-दहा झाडांचं एकत्र असेल तर बरं.

"उभ्या झाडाचा, फळासकट फोटो आहे का?" शेतातला, मागे बांध दिसणारा. नुसत्या ताटातल्या वांग्यांचे फोटो कुठूनही घेता येतात. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेला फोटो मी आधीच तीन ठिकाणी पाहिला होता.

## ४. पाकीट वाचायला शिका

दुकानातून घ्यायचं ठरलं तर समोरचा रंगीत फोटो विसरा आणि पाकीट उलटं करा. पिकाचं नाव, वाणाचं नाव, लॉट क्रमांक, उगवण टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, उत्पादकाचं नाव-पत्ता हे तिथे असायला हवं. वांग्याच्या बियाण्याची किमान उगवण ७० टक्के आणि भौतिक शुद्धता ९८ टक्के लागते. 'भौतिक शुद्धता' म्हणजे खडे-कचरा-इतर बी नाही एवढंच. फळ हिरवं येईल की जांभळं, याच्याशी तिचा संबंध नाही. मी पहिल्या वर्षी तो ९८ चा आकडा वाचून निश्चिंत झालो होतो.

मग वाणाच्या नावाजवळचे शब्द पाहा. 'संकरित' किंवा 'एफ-१' असेल तर पहिल्या वर्षी पीक एकसारखं येईल, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलंत तर झाडागणिक वेगळी फळं येतील. 'जळगाव टाईप', 'भरीत प्रकार', 'देशी सिलेक्शन' अशा शब्दांचा अर्थ एवढाच की ते त्या वळणाचं आहे. ते मूळ गावचं आहे असं त्यात कुणीही म्हटलेलं नाही.

खुणेच्या चिठ्ठीच्या रंगातही एक गोष्ट लपलेली आहे. निळी चिठ्ठी प्रमाणित बियाण्याची, पांढरी पायाभूत बियाण्याची आणि फिकट हिरवी सत्यतादर्शक बियाण्याची. प्रमाणीकरण फक्त शासनाने अधिसूचित केलेल्या वाणांचंच होतं. घरोघरी जपलेल्या, नाव नसलेल्या गावरान वांग्याला निळी चिठ्ठी लागूच शकत नाही. तेव्हा 'प्रमाणित गावरान भरीत वांगं' असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, "अधिसूचित नाव काय?" 'फुले हरित'सारखं खरं नाव आलं तर ठीक. उत्तरच आलं नाही तर पाकीट परत ठेवा.

बिल घ्याच. बिलावर वाण, लॉट क्रमांक आणि दुकानाचा परवाना क्रमांक हवा. पाकीट फेकू नका आणि पेरताना चिमूटभर बी त्यातच राखून ठेवा. फळ वेगळंच आलं तर तक्रार तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी करायची असते, आणि ती पीक उभं असताना करायची. समिती शेतात येऊन पाहते. झाडं उपटून टाकल्यावर पाहायला काही उरत नाही. माझ्याकडे पहिल्या वर्षी ना बिल होतं ना पाकीट, त्यामुळे मी फक्त जांभळ्या वांग्यांचं भरीत खाल्लं.

## ५. शेतकऱ्याकडून बी घेताना

शेतकऱ्याने आपल्या शेतातलं बी दुसऱ्याला देणं, वाटणं किंवा विकणं कायद्याने त्याचा हक्क आहे. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ मध्ये तसं लिहिलं आहे. फक्त ते ब्रँडचं नाव आणि लेबल लावून विकता येत नाही. म्हणून गावाहून येणारं बी साध्या कागदाच्या पुडीत आलं तर संशय घेऊ नका. उलट त्याच माणसाने छापील, चकचकीत पाकिटात, स्वतःच्या नावाने ते विकायला लावलं असेल तर परवाना विचारा.

इथे नवखे लोक एक चूक हमखास करतात आणि मीही केली. बाजारातून छान वांगी आणली, चिरली, आतलं बी काढून वाळवलं. एकही उगवलं नाही. खायच्या वांग्यातलं बी कच्चं असतं, आणि भरीताचं चांगलं वांगं तर कमी बियांसाठीच नावाजलेलं. बियासाठी फळ झाडावर पूर्ण पिकू द्यावं लागतं, हिरवं वांगं पिवळं पडून कातडं राठ होईपर्यंत. म्हणजे त्या फळाची विक्री शेतकऱ्याला सोडून द्यावी लागते, शिवाय झाडाला मागून येणारी फळंही कमी लागतात. हे समजून घेतलं की भाव करायची पद्धत बदलते.

मला ज्यांच्याकडे बी मिळालं त्या काकांशी बोलणं असं झालं. मी म्हटलं, "काका, थोडं बी द्या, पैसे देतो." ते म्हणाले, "बी आता कुठलं? जूनमध्येच संपलं. पण फळं ठेवू शकतो." मग डिसेंबरात आम्ही शेतात उभं राहून आठ झाडं निवडली आणि प्रत्येकी एका फळाच्या देठाला लाल चिंधी बांधली. निवडताना काका फळाकडे कमी आणि झाडाकडे जास्त पाहत होते. शेंड्याला बारीक-बारीक पानांचा झुबका असलेलं, म्हणजे पर्णगुच्छ झालेलं झाड बाद. फळावर खोलगट तपकिरी डाग असलेलं झाडही बाद, कारण फोमोप्सिस करपा बियातून पुढे जातो. मी आठ वांग्यांचे पैसे बाजारभावापेक्षा जास्त, आणि आधीच दिले.

फेब्रुवारीत फळं पिवळी झाल्यावर काकांनी ती तोडून काही दिवस सावलीत ठेवली, मग चिरून गर पाण्यात कुस्करला. तळाशी बसलेलं बी घेतलं, वर तरंगणारं पोचट बी टाकून दिलं. तीनदा धुऊन सावलीत, कापडावर पातळ पसरून वाळवलं. तुम्ही स्वतः वाळवणार असाल तर स्टीलच्या ताटात, कडक उन्हात वाळवू नका, बी भाजतं. नीट वाळलेलं बी दोन बोटांत दाबलं तर वाकत नाही. ते हवाबंद डब्यात, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पुडीवर गाव, बी धरल्याचा महिना, झाडांची संख्या आणि शेजारी कोणतं वांगं होतं हे लिहा. पुढे हेच तुमच्या बियाण्याचं लेबल.

## ६. पेरण्याआधी मोजा

उगवण चाचणीला काही लागत नाही. ५० बिया मोजून ओल्या सुती फडक्यात ओळीने मांडा, गुंडाळी करा, डब्यात ठेवा, कोरडं पडू देऊ नका. सातव्या दिवशी एकदा आणि चौदाव्या दिवशी शेवटचं मोजा. ५० पैकी ३५ उगवल्या तर ७० टक्के. नुसता मोड आलेली बी मोजू नका, मुळी आणि कोंब दोन्ही धड असलेलीच मोजा.

ही चाचणी बी काढल्याबरोबर करू नका. ताज्या वांग्याच्या बियाला काही काळ सुप्तावस्था असते. मी मार्चमध्ये चाचणी केली तेव्हा ५० पैकी जेमतेम १८ उगवल्या आणि काकांवर उगाच मनातल्या मनात चिडलो. मेमध्ये पुन्हा केली तेव्हा ४१ आल्या.

आता किती बी लागेल ते पाहू. दुकानात १० ग्रॅमच्या जागी ५० ग्रॅम गळ्यात मारतात, तेव्हा हा हिशोब कामी येतो. माझी १० गुंठे जमीन, म्हणजे सुमारे १०,९०० चौरस फूट. हे झाड पसरतं म्हणून ४ बाय ३ फुटांवर लावलं, एका झाडाला १२ चौरस फूट. म्हणजे साधारण ९०० झाडं. मरतुक आणि नांग्या भरण्यासाठी धरून १,००० रोपं. उगवण ७० टक्के धरली तर सुमारे १,४५० बिया. वांग्याच्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानाने २०० ते २५० बिया येतात, म्हणजे ६ ते ७ ग्रॅम पुरतं. मी १० ग्रॅम घेतलं, उरलेलं राखून ठेवलं. काकांची आठ फळं एवढ्याला पुरून उरली.

## ७. रोपवाटिका: तयार रोप घेऊ नका, आपलं बी देऊन रोपं करून घ्या

स्थानिक वाणाचं तयार रोप रोपवाटिकेत सहसा नसतं. असलं तरी रोपाच्या वयात वाण ओळखणं अवघड. शेंडा, देठ आणि पानाच्या शिरा जांभळट असतील तर फळ हिरवं येण्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे, पण हिरवा शेंडा म्हणजे हिरवंच फळ अशी हमी नाही. म्हणून 'भरीताची रोपं आहेत' असं ऐकून ट्रे उचलण्यापेक्षा आपलं बी द्या आणि रोपामागे ठरलेला दर द्या. भाजीपाल्याच्या बऱ्याच रोपवाटिका हे करतात. जवळच्या रोपवाटिका कोणत्या ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतून उभ्या राहिलेल्या रोपवाटिकांची नावं तिथे मिळतात.

जागा पाहायला स्वतः जा. शेडनेटच्या बाजूने कीटकरोधक जाळी आहे का, दार उघडंच राहतं का, ट्रे जमिनीवर आहेत की उंचावर, पाणी साचतं का हे पाहा. मग कुणाचंही एक रोप ट्रेमधून काढून दाखवायला सांगा. मुळं पांढरी आणि कोकोपीटला धरून असावीत. गादीवाफ्यावरची रोपं असतील तर मुळांवर बारीक गाठी शोधा. गाठी म्हणजे सूत्रकृमी, आणि ते एकदा शेतात आले की जात नाहीत.

पण सगळ्यात मोठा धोका रोगाचा नाही, अदलाबदलीचा आहे. जूनमध्ये रोपवाटिकेत एकाच दिवशी दहा जणांचं वांगं पेरलं जातं आणि कोटिलेडॉनच्या, म्हणजे पहिल्या दोन पानांच्या वयात सगळी रोपं सारखीच दिसतात. माझ्या ओळखीच्या एकाला दुसऱ्याचेच ट्रे मिळाले आणि ते ऑक्टोबरात कळलं. तेव्हा:

- बी देताना पोच घ्या: वजन, पेरणीची तारीख, ट्रेंची संख्या आणि रोपं द्यायची तारीख. ९८ कप्प्यांच्या ट्रेने १,४५० बियांना १५ ट्रे लागतात.
- आपल्या हाताने लिहिलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या न्या आणि प्रत्येक ट्रेमध्ये एक खोचा. फक्त रांगेच्या टोकाला एक पाटी पुरत नाही, ट्रे हलतात.
- शक्य असेल तर पेरताना तिथे थांबा. एका सकाळचं काम आहे.
- दोन आठवड्यांनी जाऊन मोजा. तुमच्या चाचणीत ८० टक्के उगवलेलं बी तिथे ५० टक्केच दिसलं तर त्याच वेळी विचारा.
- पेरलेल्या बियातलं थोडं आपल्याकडे ठेवा.

रोप साधारण ३० ते ३५ दिवसांचं, चार-पाच पानांचं, वीतभर उंचीचं घ्या. उंच, पिवळट आणि लवलवीत रोप स्वस्त मिळालं तरी नको. नेण्याआधी चार दिवस पाणी कमी करून, ऊन दाखवून घ्या असं रोपवाटिकेला सांगा.

## ८. पहिल्या वर्षी थोडंच लावा

हे मी शेवटी लिहितो आहे, पण करायचं आधी. कितीही खात्री वाटली तरी पहिल्या हंगामात अख्खी जमीन एका पुडीवर लावू नका. मी ३० झाडं लावली आणि बाकी जागेत वाल-भेंडी केली. त्या ३० झाडांना खुंटीवर क्रमांक दिले आणि पहिल्या कलमातला कागद घेऊन झाडागणिक टिकमार्क केले. २६ झाडांची फळं कागदाशी जुळली. तीन झाडांवर फळाला जांभळी झाक होती, एकाची फळं लांबट निघाली. ही चार झाडं फळ पहिल्यांदा दिसताच उपटली. तोवर ती फुलली होती, म्हणून त्याआधी धरलेली बाकीच्या झाडांची फळं खायला घेतली आणि बियासाठी त्यानंतर फुललेली फुलं ठेवली. शेजारी दुसऱ्यांची वांगी असल्याने त्या फुलांवर उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी मलमलीची पिशवी बांधली आणि फळ धरल्यावर काढली.

माझ्या मुरमाड जमिनीत फळ तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या फळापेक्षा लहान भरलं. रेघा तशाच होत्या. साल मात्र भाजल्यावर तितकी सहज सुटली नाही. काकांना फोन केला तर म्हणाले, "पाणी तोडलं नाहीस का फळ काढायच्या आधी?" नव्हतं तोडलं. या वर्षी १० गुंठ्यांत ९०० झाडं आहेत, त्यातल्या १२ झाडांवर लाल चिंध्या बांधून ठेवल्या आहेत.